वर्षाच्या मधेच नोकरी बदललीय? मग स्लिपवर टीडीएस शून्य दिसला तरी हे एकदा वाचाच

मी महापेला पेरोलचं काम करते, राहायला ठाण्यात. दरवर्षी रिटर्न भरायचे दिवस आले की एक फोन हमखास येतो, ताई माझ्या पगारातून कधीच टॅक्स कापला नाही, स्लिपवर टीडीएस शून्यच होता, मग आता पोर्टल पाऊण लाख रुपये भरायला का सांगतंय? यावेळी आमच्याच सोसायटीतली एक मुलगी सगळ्या स्लिपांच्या प्रिंट घेऊन घरी आली. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ ती वागळे इस्टेटला होती, महिना ८५,००० ग्रॉस, आणि ऑक्टोबरपासून ऐरोलीला १,४०,००० वर लागली. दोन्हीकडे नवीन रिजीम. तिचाच हिशोब सांगते म्हणजे स्लिपवरचे शब्द आपोआप कळतील.

आधी डिडक्शन, कारण पहिला गोंधळ इथेच होतो. स्लिपच्या उजव्या बाजूला जो डिडक्शन्सचा कॉलम असतो त्यात पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस असं सगळं असतं, म्हणजे पगारातून जे जे कापलं ते. (आपल्याकडे प्रोफेशनल टॅक्स महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पूर्ण व्हावेत म्हणून, ती चूक नसते.) पण इन्कम टॅक्सच्या हिशोबातलं डिडक्शन वेगळं, ते म्हणजे टॅक्स लावायच्या आधी उत्पन्नातून जी रक्कम वजा होते ती. नवीन रिजीममधे नोकरदाराला मुख्य म्हणजे ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, त्याला कुठलंही बिल-पावती लागत नाही. तुमचा स्वतःचा पीएफ आणि तो प्रोफेशनल टॅक्स स्लिपवर कापलेला दिसला तरी नवीन रिजीममधे उत्पन्नातून वजा होत नाही.

रिबेट ही त्यानंतरची पायरी. डिडक्शन उत्पन्नातून जातं, रिबेट तयार झालेल्या टॅक्समधून जातो. कलम ८७ए खाली, २०२५-२६ साठी, स्टँडर्ड डिडक्शन वजा करून उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतचा टॅक्स माफ होतो, म्हणून लोक १२.७५ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं म्हणतात. पण हे १२ लाख माणसाच्या पूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचे असतात, एका कंपनीच्या पगाराचे नाही. सगळी गडबड इथेच होते.

पहिल्या कंपनीने एप्रिलमधे अंदाज काढला, ८५,००० गुणिले १२ म्हणजे १०,२०,०००, त्यातून ७५,००० गेले, राहिले ९,४५,०००, बारा लाखांच्या आत, रिबेट लागू, टीडीएस शून्य. बरोबरच होतं त्यांचं. दुसरीकडे ऑक्टोबर ते मार्च सहा महिन्यांचे ८,४०,०००, त्यांनीही ७५,००० वजा केले, राहिले ७,६५,०००, परत रिबेट, परत शून्य. त्यांना मागचा पगार कोणी सांगितलाच नव्हता. म्हणजे एकाच वर्षात एकाच माणसाला स्टँडर्ड डिडक्शन पण दोनदा आणि रिबेट पण दोनदा मिळाला, आणि कायद्याने दोन्ही एकदाच मिळतं.

खरा हिशोब असा. ५,१०,००० अधिक ८,४०,००० म्हणजे १३,५०,०००, त्यातून एकदाच ७५,००० वजा, उरले १२,७५,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ वर पाच टक्क्यांनी २०,०००, ८ ते १२ वर दहा टक्क्यांनी ४०,०००, वरच्या ७५,००० वर पंधरा टक्क्यांनी ११,२५०. एकूण ७१,२५०, त्यावर चार टक्के सेस २,८५०, झाले ७४,१००. बारा लाखांच्या किंचित वर गेलं तर मार्जिनल रिलीफ मिळतो, म्हणजे बाराच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त टॅक्स घेत नाहीत, १२,१०,००० असतं तर सेस सोडून १०,००० च भरायला लागले असते. पण हिचं उत्पन्न बाराच्या वर ७५,००० गेलं आणि टॅक्स ७१,२५०, त्यामुळे तो रिलीफ हुकला.

हे टाळायचा कागद एकच, २०२५-२६ साठी तो फॉर्म १२बी होता. नवीन कंपनीत जॉइन झाल्या झाल्या त्यात मागच्या कंपनीचा पगार, कापलेला पीएफ आणि टीडीएस भरून द्यायचा. सोबत एप्रिलपासूनच्या स्लिपा, नोकरी सोडतानाचा फुल अँड फायनलचा हिशोब (रजेचे पैसे, बोनस मिळाले असतील तर तेही यात येतात) आणि जुन्या कंपनीची टॅक्स कॉम्प्युटेशन शीट जोडा. फॉर्म १६ ची वाट बघू नका, तो वर्ष संपल्यावर जूनमधे येतो, आणि टीडीएसच कापला नसेल तर येईलच असंही नाही. एचआरला नुसतं "प्रीव्हियस एम्प्लॉयर इन्कम डिक्लेअर करायचंय" म्हटलं तरी कळतं. तिने ऑक्टोबरमधेच दिला असता तर महिन्याला १२,३५० कापले गेले असते. जानेवारीत दिला असता तर उरलेल्या तीन महिन्यांत २४,७०० प्रमाणे, जड गेलं असतं पण व्याज लागलं नसतं.

दिलेला फॉर्म सिस्टीममधे चढला का हे पण बघा, कारण तो नुसता मेलमधे पडून राहिलेला मी पाहिलाय. पुढच्या महिन्याच्या टॅक्स शीटमधे प्रीव्हियस एम्प्लॉयरची ओळ असते, तिथे शून्य असेल तर चढलेला नाही, लगेच विचारा.

मार्च उलटून गेला असेल तर मग स्वतःच भरायचं. incometax.gov.in वर e-Pay Tax मधे जाऊन सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड ३००. वर्षभरात पुरेसा टॅक्स न भरल्याचं कलम २३४बी चं व्याज एप्रिलपासून महिन्याला एक टक्का चालू होतं, तिने जुलैत भरले म्हणून चार महिन्यांचे २,९६४ रुपये, आणि ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते वेळेत न भरल्याचं २३४सी चं व्याज वेगळं.

चलन भरताना असेसमेंट इयर नीट निवडा. ज्या वर्षी कमावलं ते फायनान्शियल इयर, त्याचा हिशोब तपासला जातो ते पुढचं असेसमेंट इयर, म्हणजे २०२५-२६ च्या पगाराला २०२६-२७. लोक स्लिपवर २०२५-२६ बघतात, चलनातही तेच टाकतात आणि पैसे आदल्या वर्षाच्या खात्यात जातात, रिटर्नमधे दिसतच नाहीत. त्यात १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झालाय, त्यात असेसमेंट इयर हा शब्दच नाही, नुसतं टॅक्स इयर. म्हणजे असेसमेंट इयर २०२६-२७ हा गेल्या वर्षीच्या पगाराचा आणि टॅक्स इयर २०२६-२७ हा आत्ता चालू असलेल्या पगाराचा, आकडे तेच पण वर्षं दोन. तिच्या एप्रिल २०२६ च्या स्लिपवर टॅक्स इयर छापलेलं होतं आणि ती चलनात तेच निवडायला निघाली होती.