नोंदवहीतलं नाव : सीमाभागातल्या फार्मासिस्टची ओळख कशी घडली

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला जुनी मंडळी अजूनही कंपाउंडर म्हणतात. या पेशातल्या माणसाची ओळख कागदावर मांडायची तर त्याचं शिक्षण, नोंदणी आणि कामाची जागा या तीन गोष्टी लागतात. त्या तीनच का, याचं उत्तर १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे. सीमाभागात हा कायदा समजून घेणं जास्त गरजेचं आहे, कारण इथल्या कितीतरी जणांचं घर एका राज्यात आणि काम दुसऱ्या राज्यात असतं.

आधी औषध कोणी द्यावं यावर देशभर लागू असलेलं बंधन नव्हतं. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३०-३१ मध्ये औषध चौकशी समिती बसली. औषधांचा दर्जा आणि औषध हाताळणाऱ्यांचं शिक्षण, दोन्हींकडे तिने लक्ष वेधलं. दर्जासाठी १९४० चा औषध कायदा आला. माणसांसाठीचा कायदा यायला १९४८ साल उजाडलं. प्रत्येक राज्याने फार्मासिस्टांची नोंदवही ठेवायची आणि तीत काय असावं, हे त्याने सांगितलं : पूर्ण नाव व राहण्याचा पत्ता, नोंदवहीत पहिल्यांदा नाव आलं ती तारीख, नोंदणीसाठीची पात्रता, कामाचा पत्ता आणि नोकरी असल्यास मालकाचं नाव. ही नोंदवही छापायची, शुल्क भरणाऱ्याला तिची प्रत द्यायची आणि तीत नाव असणं हाच नोंदणीचा पुरावा मानायचा, असंही कायद्यात आलं. म्हणजे फार्मासिस्टची ही ओळख लोकांना पाहता यावी अशीच योजना सुरुवातीपासून होती.

पहिल्या नोंदवहीत कोणाला घ्यायचं हा प्रश्न नाजूक होता. पदवी-पदविकावाले फार थोडे होते. दवाखाने चालत होते ते कंपाउंडरांच्या हातांवर. म्हणून पहिल्या नोंदवहीपुरती सवलत ठेवली गेली : राज्य सरकारने मान्य केलेली कंपाउंडरची परीक्षा पास झालेला, किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधं दिली जातात अशा ठिकाणी किमान ५ वर्षं औषधं बनवण्याचं काम केलेला माणूसही पात्र ठरला. १९५३ मध्ये पहिले शिक्षण विनियम आले आणि पुढे वाट परीक्षेची झाली. अनुभवावर नोंदले गेलेले ते कंपाउंडर कमअस्सल होते असं मला कधीच वाटलं नाही. खेड्यापाड्यांतली औषधव्यवस्था त्यांनीच उभी केली.

त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेली चंदगड आणि खानापूर ही गावं दोन राज्यांत गेली. नोंदवही राज्याची आणि ती सांभाळते राज्याची फार्मसी परिषद, त्यामुळे पुढच्या पिढीला परिषदाही दोन लाभल्या. आज एक मुंबईत आहे, दुसरी बंगळुरूत.

कायद्यातली एक ओळ इथे कळीची आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणजे ज्या राज्यात तो त्या वेळी राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या राज्याच्या नोंदवहीत नाव असलेला माणूस. दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेल्यालाही या राज्यात नाव घालून घेण्याचा हक्क आहे. पण नाव आपोआप सरकत नाही, अर्ज करावा लागतो.

समजा, चंदगड तालुक्यातल्या एका मुलीने महाराष्ट्रात डी. फार्म. ही फार्मसीची पदविका केली. २ वर्षांचा अभ्यास आणि ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण झालं. परीक्षा महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाची, नोंदणी महाराष्ट्राच्या परिषदेत. मग तिला बेळगावात एका मेडिकलमध्ये नोकरी लागली. दुकानाचा परवाना कर्नाटकातला, काम कर्नाटकात, म्हणून तिने कर्नाटकच्या परिषदेत नाव घालून घेणं हाच सुरक्षित मार्ग. त्यासाठी मूळ परिषदेतलं नाव चालू असायला हवं. नोंदणी टिकवण्याचं शुल्क थकलं की नाव नोंदवहीतून निघतं, आणि निघालेल्या नावाच्या जोरावर दुसरीकडे अर्ज करता येत नाही. दुसरी अडचण नावाच्या क्रमाची. दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी, पदविकेवर शेवटी आणि आधारवर नुसतं आद्याक्षर असेल तर अर्ज अडतो. स्वतःची व्यावसायिक माहिती लिहिताना तिने 'नोंदणीकृत फार्मासिस्ट' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या राज्याची परिषद, नोंदणी क्रमांक कोणता आणि तो कधीपर्यंत वैध, हे लिहावं. बाकी पडताळणी वाचणाऱ्याला करता येते.

रुग्णाची माहिती दुसऱ्या वहीत असते, मेडिकलच्या चिठ्ठ्यांच्या नोंदीत. १९४५ च्या औषध नियमांनुसार तीत तारीख, डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव-पत्ता, औषध, प्रमाण, बॅच क्रमांक आणि शेवटी फार्मासिस्टची सही येते. १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीतल्या, म्हणजे विक्रीवर जास्त लक्ष ठेवायच्या औषधांसाठी वेगळी वही आली, ती ३ वर्षं जपायची असते. त्या अनुसूचीत काही प्रतिजैविकं आहेत, क्षयाची औषधंही आहेत. फार्मासिस्टची वही आणि रुग्णाची वही एकमेकींना भिडतात त्या फक्त सहीच्या रकान्यात, आणि चूकही तिथेच होते. अनुभवाचा पुरावा म्हणून कोणी आपल्या माहितीला त्या पानाचा फोटो जोडतो. सही स्वतःची असते, पण त्याच ओळीत दुसऱ्याचा आजार असतो. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य ठरवलं आहे.

नाव न लिहिताही माणूस उघडा पडतो. 'अमुक वाडीतल्या क्षयरुग्णांना दोन वर्षं औषधं दिली' असं वाक्य मोठ्या शहरात खपून जाईल. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत ते क्षयरुग्ण कोण, हे सगळ्यांना लगेच कळतं. काउंटरवर उभं राहून काढलेल्या फोटोत मागे चिठ्ठी वाचता येत असेल तरी तेच होतं. आपलं वाक्य वाचून गावातला माणूस 'कोण बरं ते?' असं विचारून उत्तर शोधू शकेल का, एवढं तपासलं तरी पुरतं. शोधू शकत असेल तर आजार आणि गाव दोन्ही काढावेत आणि 'शासकीय रुग्णालयाच्या औषध विभागात दोन वर्षं, चिठ्ठीनुसार वितरण व साठ्याची नोंद' असं लिहावं. कामाची पातळी त्यातूनही नेमकी कळते.

काउंटरवर नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा, ही अट मात्र उशिराने बोचायला लागली. अंमलाची तारीख ठरवणं १९४८ च्या कायद्याने राज्यांवर सोडलं होतं. ज्या राज्याने ती ठरवली नाही तिथे १९७६ च्या दुरुस्तीला ८ वर्षं झाल्यावर, म्हणजे १९८४ मध्ये, ती आपोआप लागू झाली.

प्रयोगशाळा तंत्रज्ञांना अशी देशव्यापी नोंदवही कितीतरी वर्षं नव्हतीच. डीएमएलटीची पदविका आणि ती देणारं मंडळ हीच त्यांची ओळख. त्यांच्यासारख्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदांचा कायदा आला तो २०२१ मध्ये. म्हणून जुन्या तंत्रज्ञाच्या माहितीत नोंदणी क्रमांक दिसला नाही तर लगेच संशय घेऊ नये. पदविका कोणत्या मंडळाची, कोणत्या वर्षाची आणि काम रक्तपेढीत, रुग्णालयात की खासगी लॅबमध्ये, हे विचारावं. तपासण्यांचे प्रकार त्याने जरूर सांगावेत, पण नमुन्याचा अहवाल दाखवू नये. नाव खोडलेल्या अहवालावरही तारीख, वय आणि डॉक्टरांचं नाव राहतं, आणि खानापूरसारख्या गावात तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो.