दोन मोजण्या आणि मधला वेळ : जीवाणूंच्या वाढीचा दर काढण्याची पार्श्वभूमी

जीवाणू दुभंगून वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. म्हणजे हिशेब चक्रवाढ व्याजाचा. सुरुवातीची संख्या, शेवटची संख्या आणि मधला वेळ माहीत असला, तर दुप्पट व्हायला किती वेळ लागला हे शाळेतल्या लॉगॅरिदमने निघते. गणित जुनेच होते. अडचण होती ती जिवंत जीवाणू मोजायचे कसे, याची.

ती 1880 च्या दशकात सुटली. रॉबर्ट कॉख यांनी 1881 मध्ये घट्ट माध्यमावर जीवाणू वाढवण्याची पद्धत दाखवली. आधी जिलेटिन वापरत, पण ते 37 अंशांवर वितळते. फॅनी हेसे यांच्या सुचवण्यावरून त्याच्या जागी अगार आले आणि 1887 मध्ये युलिउस पेट्री यांची झाकणाची काचेची बशी आली. पातळ केलेला नमुना अगारवर पसरला की प्रत्येक जिवंत जीवाणूची एक कॉलनी उठते आणि ती डोळ्यांनी मोजता येते. त्याच 1887 साली हान्स बुख्नर, लोंगार्ड आणि रीडलिन यांनी कॉलऱ्याच्या जीवाणूंच्या अशा मोजण्या करून त्यांचा पिढीकाल, म्हणजे एका दुभंगण्यापासून दुसऱ्यापर्यंतचा सरासरी वेळ, हिशेबाने काढला. आजही वापरतो ते सूत्र हेच:

```
n = (log10 N2 − log10 N1) / 0.301
g = (t2 − t1) / n
```

`n` म्हणजे मधल्या वेळात झालेल्या पिढ्या आणि `g` म्हणजे पिढीकाल. 0.301 हा 2 चा लॉग.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये, 37 अंशांवर, हलवत ठेवलेले ई. कोलाय. 60 व्या मिनिटाला नमुना घेतला, हजारपट पातळ केला आणि त्यातला 0.1 मिलि प्लेटवर पसरला. 46 कॉलनी आल्या. 46 ला 10 ने आणि मग 1000 ने गुणले की दर मिलिलिटरला 4,60,000. 150 व्या मिनिटाचा नमुना दहा हजारपट पातळ केला, 0.1 मिलि पसरला, 78 कॉलनी आल्या, म्हणजे 78,00,000. गुणोत्तर 16.96, त्याचा लॉग 1.229, भागिले 0.301 म्हणजे 4.08 पिढ्या. 90 मिनिटांत 4.08 पिढ्या, म्हणून पिढीकाल 22 मिनिटे.

या सूत्राची एक बाजू फार भक्कम आहे. त्यात संख्या नव्हे, गुणोत्तर लागते. पिपेट दोन्ही वेळा सारखेच कमी सोडत असेल, किंवा जीवाणू दोन-दोनच्या जोडीत राहून दोघांची मिळून एकच कॉलनी येत असेल, तर दोन्ही मोजण्या त्याच पटीत चुकतात आणि चूक भागाकारात निघून जाते. साखळीने वाढणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये मात्र दोन नमुन्यांच्या मधे साखळ्या लांबल्या किंवा तुटल्या, की हा आधार जातो.

सूत्राची कच्ची बाजू अशी की मधल्या सगळ्या वेळात वाढ एकाच वेगाने झाली, असे ते गृहीत धरते. वाढ तशी होत नाही, हे पुढच्या तीस वर्षांत हळूहळू स्पष्ट झाले. 1909 मध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन यांनी वाढीचे टप्पे वेगळे करून दाखवले आणि 1918 मध्ये आर. ई. बुकॅनन यांनी त्यांची सात टप्प्यांत मांडणी केली. विद्यार्थी ज्याला लॅग फेज म्हणतात, तो त्यातला सुरुवातीचा भाग: जुन्या कल्चरमधून ताज्या ब्रॉथमध्ये आलेले जीवाणू लगेच दुभंगत नाहीत, आधी तयारी करतात.

वरच्याच कल्चरमध्ये याचा फटका पाहू. समजा पहिला नमुना 60 व्या मिनिटाला न घेता, कल्चर टाकल्या टाकल्या घेतला. शंभरपट पातळ केलेल्या नमुन्यातला 0.1 मिलि पसरलेल्या प्लेटवर 245 कॉलनी, म्हणजे दर मिलिलिटरला 2,45,000. आता 150 मिनिटांत 5 पिढ्या आणि पिढीकाल 30 मिनिटे. जीवाणू तेच, ब्रॉथ तोच, तरी उत्तरात आठ मिनिटांचा फरक. पहिली 40 मिनिटे जीवाणू दुभंगलेच नव्हते आणि सूत्राने तीही पिढ्यांवर वाटून टाकली. दोनच आकड्यांवरून ही चूक दिसत नाही, हीच खरी अडचण. म्हणून दोन नमुन्यांच्या मधे, 60 आणि 150 व्या मिनिटाचे नमुने असतील तर सुमारे 105 व्या मिनिटाला, तिसरी मोजणी घ्यावी. पहिल्या अर्ध्याचा पिढीकाल दुसऱ्या अर्ध्यापेक्षा स्पष्टपणे मोठा आला, तर पहिला नमुना लॅगमध्ये पडला आहे.

दुसऱ्या टोकालाही अशीच मर्यादा आहे. भारतातल्या वैद्यकीय सेवेत असलेले ए. जी. मॅकेंड्रिक आणि त्यांचे सहकारी एम. केशव पै यांनी 1911 मध्ये ब्रॉथमधल्या जीवाणूंच्या वाढीचे गणित मांडले. त्यांचे म्हणणे असे की वाढ जीवाणूंच्या संख्येवर जशी अवलंबून असते, तशीच शिल्लक अन्नावरही. अन्न संपत आले की वेग उतरतो. मला हा निबंध या सगळ्या इतिहासातला सर्वांत कमी आठवला जाणारा आणि सर्वांत नेमका वाटतो. ई. कोलायसाठी व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की दुसरा नमुना दर मिलिलिटरला 10 कोटींच्या बराच आत असताना घ्यावा.

मग दोन नमुने अगदी जवळजवळ का घेऊ नयेत? कारण कॉलनींची संख्या नशिबानेही कमी-जास्त होते. 46 कॉलनींमध्ये सुमारे 7 चा आणि 78 मध्ये सुमारे 9 चा फरक नुसत्या योगायोगाने पडतो. दोन्ही मिळून गुणोत्तरात साधारण 19 टक्के. 90 मिनिटांच्या अंतरात तेवढ्याने पिढीकाल दीड मिनिट इकडेतिकडे होतो. 30 मिनिटांचे अंतर ठेवले, तर चार मिनिटांहून जास्त. तीन-चार पिढ्यांचे अंतर असावे आणि प्रत्येक वेळी दोन-तीन प्लेट घालाव्यात.

आणखी एक चूक सहज ध्यानात येत नाही. नमुन्यातली वाढ थांबावी म्हणून तो बर्फासारख्या थंड पाण्यात पातळ करण्याचा मोह होतो. पण जोमाने वाढणारे तरुण जीवाणू थंडीला जास्त नाजूक असतात, हे शर्मन आणि आल्बस यांनी 1923 मध्येच ई. कोलायवर दाखवले. त्यातले काही मरतात आणि कॉलनी कमी येतात. लॅगमधला नमुना त्यापेक्षा जास्त तग धरतो, त्यामुळे ही चूक दोन्हीकडे सारखी नसते आणि भागाकारात निघून जात नाही. पेप्टोनचे किंवा सलाइनचे पाणी खोलीच्या तापमानाला ठेवावे आणि नमुना घेतल्यावर लगेच प्लेट घालावी.

राहिला एककांचा गोंधळ. झाक मोनो यांनी 1949 च्या आपल्या प्रसिद्ध आढाव्यात 2 च्या पायाचा लॉग वापरून वाढीचा दर ‘तासाला किती दुपटी’ असा मांडला. त्याने आपल्या उदाहरणाचा दर 2.72 येतो. पुढे 1950 पासून सतत चालणारी कल्चर आली. तिथे ताजे माध्यम ज्या दराने आत येते, त्याच्याशी वाढीचा दर थेट ताडून पाहायचा असतो, म्हणून नैसर्गिक लॉग सोयीचा ठरला:

```
μ = (ln N2 − ln N1) / (t2 − t1)
  = 2.83 / 1.5 = 1.89 प्रति तास
```

हे दोन्ही आकडे एकाच कल्चरचे आहेत, 2.72 ला 0.693 ने गुणले की 1.89 मिळतात. दोन्हींचे एकक ‘प्रति तास’ असेच छापले जाते. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आपल्या आकड्याशी ताडताना आधी त्याने दिलेला पिढीकाल पाहावा. 60 भागिले पिढीकाल तेवढाच दर आला, तर तो दुपटींचा, 41.6 भागिले पिढीकाल आला, तर तो `μ`.