पेढा जिभेवर वाळूसारखा का लागतो?

मागच्या गणपतीत मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून अर्धा किलो ताजा खवा आणला, संध्याकाळी कढईत परतून त्यात साखर विरघळवली आणि दमून गेल्यामुळे ती कढई तशीच झाकून ओट्यावर ठेवली. पेढे सकाळी वळले. ते दिसायला चांगले होते, पण तोंडात टाकल्यावर जिभेवर बारीक वाळू पसरल्यासारखे वाटत होते. खव्याला दोष देऊन मी मोकळी झाले असते. पण रात्री परतून झाल्यावर त्याच मिश्रणाची एक चिमूट मी चाखली होती, आणि ती लोण्यासारखी मऊ होती. म्हणजे जे काही बिघडले ते रात्रीतून, कढई निवताना बिघडले.

दुधात साखर आपण घालण्याआधीपासूनच असते. ती म्हणजे दुग्धशर्करा, अर्थात लॅक्टोज. दूध आटवून खवा केला की पाणी उडते आणि लॅक्टोज मागे राहते. अर्धा किलो खव्यात ढोबळमानाने 140 ग्रॅम पाणी आणि 115 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असते. लॅक्टोज पाण्यात विरघळण्याच्या बाबतीत फार आळशी आहे. आपल्या घरातल्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात ते जेमतेम 20 ग्रॅम विरघळते, तर 80 अंश सेल्सिअसला शंभर ग्रॅमच्याही थोडे वर. त्यामुळे कढईत वाफाळणाऱ्या खव्यातले जवळजवळ सगळे लॅक्टोज विरघळलेले असते आणि तोच खवा निवला की त्यातले तीन चतुर्थांश पाण्याबाहेर पडू पाहते. शिवाय आपण घातलेली साखरही त्याच तुटपुंज्या पाण्यावर हक्क सांगते, त्यामुळे लॅक्टोजच्या वाट्याला आणखी कमी पाणी येते.

याचा अर्थ असा की पेढ्यात स्फटिक होणारच, ते टाळता येत नाहीत. आपल्या हातात असतो तो फक्त त्यांचा आकार. स्फटिक 10 मायक्रॉनच्या आत राहिले तर जिभेला त्यांचा पत्ता लागत नाही, आणि 30 मायक्रॉनच्या पुढे गेले की वाळू जाणवू लागते. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. मिश्रण गरम असताना सावकाश निवत गेले तर मोजकेच स्फटिक जन्मतात आणि उरलेले लॅक्टोज त्यांच्यावरच थरावर थर चढवत बसते. तेच मिश्रण झटकन कोमट करून मग घोटले, तर असंख्य स्फटिक एकाच वेळी जन्माला येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडेथोडे लॅक्टोज आल्याने सगळेच बारीक राहतात. झाकलेल्या जाड कढईत मी नेमकी पहिली व्यवस्था करून ठेवली होती.

अर्थात पेढ्यातला प्रत्येक कण लॅक्टोजचा नसतो. दूध किंचित आंबट असेल तर त्यातले केसीन हे प्रथिन गोळा होते आणि खवा दाणेदार होतो. कलाकंदासाठी तो मुद्दाम तसा करतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. पेढ्याचा तुकडा वाटीभर गरम पाण्यात कुस्करावा आणि पाच मिनिटे ढवळावा. कण नाहीसे झाले तर ते साखरेचे किंवा लॅक्टोजचे होते; मऊ, रबरासारखे दाणे तळाशी उरले तर ते केसीनचे. दाताखाली कचकन फुटून गोड लागतो तो आपल्या साखरेचा स्फटिक, आणि गोडी न देता नुसता खरखरतो तो लॅक्टोजचा. माझ्या वाटीत काहीच उरले नाही. केसीनचे दाणे असते तर कितीही घोटून ते गेले नसते, आणि त्या खव्याचा कलाकंद करणेच शहाणपणाचे ठरले असते. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र या तक्रारीत ओढू नये. त्याचा खवा खरपूस भाजलेला असतो आणि त्याचा रवाळपणा हवासाच असतो.

दुसऱ्या खेपेला मी अर्धा किलो खवा किसून, तीन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर ठेवला. विकतचा खवा दुकानात निवलेला असल्याने त्यात लॅक्टोजचे स्फटिक आधीच तयार असतात, आणि ते पुन्हा विरघळावेत म्हणून त्याला सर्व बाजूंनी वाफ येईपर्यंत तापवणे आवश्यक असते. कडेला चिकटलेला थर सतत खरवडून आत घ्यावा. खवा कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागला की थांबावे. तूप सुटेपर्यंत परतले तर प्रथिने आकसतात आणि पेढा कोरडा होतो. मग तो गोळा लगेच मोठ्या परातीत बोटभर जाडीचा पसरून पंख्याखाली ठेवला. बोट सुखाने टेकवता येईल इतका कोमट होईपर्यंत त्याला हात लावला नाही. त्यानंतर वस्त्रगाळ केलेली 150 ग्रॅम पिठीसाखर, वेलचीपूड आणि दोन चमचे डब्यातले कंडेन्स्ड मिल्क घातले. कंडेन्स्ड मिल्क गोडीसाठी नव्हते. ते तयार करतानाही दूध साधारण 30 अंशांपर्यंत निववून त्यात लॅक्टोजची अतिशय बारीक भुकटी विरजणासारखी घालतात आणि जोराने ढवळतात, त्यामुळे त्या दोन चमच्यांत लक्षावधी सूक्ष्म स्फटिक आयतेच मिळतात. पिठीसाखर गरम खव्यात घातली असती तर ती विरघळून मिश्रण पातळ झाले असते आणि पुन्हा आटवावे लागले असते.

दूध पावडरीचे गणित थोडे निराळे आहे. पावडर तयार होताना थेंब इतक्या झपाट्याने वाळतात की त्यांतल्या लॅक्टोजला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. ते काचेसारख्या अवस्थेत अडकून राहते. ही काच हवेतले पाणी ओढून घेते, चिकट होते आणि मग तिचे स्फटिक बनतात. ठाण्याच्या जुलैतल्या दमट हवेत उघडे राहिलेले पाकीट चार दिवसांत गठ्ठ्याचे होते ते याचमुळे, आणि असे गठ्ठे चाळून घेतले तरी पेढ्यात खरखर राहते. पाकीट नवे हवे, आणि साय न काढलेल्या दुधाच्या पावडरीचे हवे. स्किम्ड पावडरीत लॅक्टोज निम्म्याहून अधिक आणि स्निग्धांश नाममात्र असतो. 200 ग्रॅम पावडर 100 मिलिलिटर कोमट दुधात आधी कालवून गाळून घ्यावी, मग दोन चमचे तूप घालून गॅसवर ठेवावी. तापलेल्या कढईत कोरडी पावडर टाकली की गुठळीचा बाहेरचा थर भिजून बंद होतो आणि आत पीठ कोरडेच राहते. गोळा झाल्यावर परात, पंखा आणि साखर यांचा क्रम तोच.

वळण्याचे काम या निवण्याशीच बांधलेले आहे. कोमट गोळा तळहाताच्या मुळाने सात-आठ मिनिटे रगडून मळावा. त्याला मंद चकाकी येते आणि चिमूट ताणली तर ती तुटण्याआधी किंचित वाकते. दुधातली चरबी पस्तीस अंशांच्या आसपास पुरती वितळते, त्यामुळे याहून गरम गोळा वळला तर हाताला तूप लागते आणि पेढा ताटलीत बसकण मारतो. फार गार झालेला गोळा दाबला की त्याच्या कडा तडकतात. तडक दिसली तर पाणी लावू नये, चमचाभर कोमट दूध लावून पुन्हा मळावे. 20 ते 25 ग्रॅमची गोळी दोन तळहातांत आधी जोर देऊन आणि मग अगदी हलक्या हाताने फिरवावी. रेघ पूर्ण मिटली की मध्यभागी अंगठ्याने खळगा पाडून त्यात पिस्त्याचा काप बसवावा. साच्यात घालायची असली तरी गोळी आधी अशीच गुळगुळीत वळावी लागते, कारण साचा नक्षी उमटवतो, भेगा बुजवत नाही.

आणि ते पहिले वाळूचे पेढे मी टाकले नाहीत. सगळे कुस्करून, अर्धी वाटी दूध घालून, कण बोटांना लागेनासे होईपर्यंत मंद आचेवर घोटले आणि परातीत पसरून पंखा लावला. दुपारच्या आरतीला त्यातले एकोणीस पेढे ताटात होते, रंगाने मात्र जरा गडद.