किल्लीचं घड्याळ अचानक पुढे का पळतं?

किल्लीचं घड्याळ बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा ते मागे पडतं. आतलं तेल सुकतं, धूळ शिरते, चाकांना जोर लागतो, आणि घड्याळ दिवसेंदिवस रेंगाळायला लागतं. उलटा प्रकार क्वचित दिसतो. कालपर्यंत नीट चालणारं घड्याळ आज एकदम दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुढे जात असेल, आणि ते पडलं नसेल, भिजलं नसेल, तर पहिला संशय चुंबकावर घ्यावा.

आमच्या शेजारच्या काकांच्या एचएमटी जनताचं असंच झालं. सकाळी आठच्या बातम्यांना लावलेलं घड्याळ रात्री आठला दहा मिनिटं पुढे असायचं. जवळच्या एका दुकानात त्यांना ‘जुनं झालंय, सर्व्हिसिंग करावं लागेल’ असं सांगितलं गेलं आणि मागचं झाकण उघडून वेग कमी करणारा काटा सरकवून दिला. दोन दिवस बरं वाटलं, मग घड्याळ पुन्हा पुढे. शेवटी दादर पश्चिमेला वर्षानुवर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांकडे आम्ही गेलो. त्यांनी घड्याळ हातात घ्यायच्या आधीच विचारलं, “रात्री हे काढून कुठे ठेवता?”

“स्पीकरवर. छोटा ब्लूटूथवाला आहे ना, त्याच्यावर.”

स्पीकरच्या पडद्यामागे कायमचं चुंबक असतं, आणि छोट्या स्पीकरमध्ये ते वरच्या जाळीपासून फार लांब नसतं. घड्याळ रोज रात्रभर त्याच्यावर पडून होतं.

चुंबकामुळे घड्याळ बंद पडणं एक वेळ समजतं, पण ते पळायला का लागतं? याचं उत्तर एका केसाएवढ्या स्प्रिंगमध्ये आहे. घड्याळाची वेळ ठरते ती बॅलन्स व्हील नावाच्या छोट्या चाकावर. हे चाक गोल गोल फिरत नाही, एकदा इकडे आणि एकदा तिकडे असं झुलतं. प्रत्येक झोक्याला एक टिक. त्याला परत ओढून आणायचं काम हेअरस्प्रिंग करते. डासांच्या कॉइलसारखी सपाट गुंडाळलेली ही स्प्रिंग, तिचे दहा-बारा वेढे, आणि वेढ्यांमध्ये जेमतेम दिसेल एवढी फट. आतलं टोक चाकाच्या दांड्याला, बाहेरचं टोक वरच्या पट्टीला. चाक झुललं की सगळे वेढे एकदम मोकळे होतात, एकदम आवळले जातात.

स्प्रिंग जितकी लांब तितकी ती नरम, आणि जितकी आखूड तितकी ताठ. ताठ स्प्रिंग चाकाला लवकर परत ओढते, म्हणून टिका लवकर पडतात. चुंबकत्व आलं की शेजारशेजारचे वेढे एकमेकांकडे ओढले जातात आणि कुठेतरी चिकटून बसतात. चिकटलेला तो भाग वाकायचा थांबतो, म्हणजे स्प्रिंगची काम करणारी लांबी तेवढी कमी होते. किल्ली तीच, चाकं तीच, पण झोका छोट्या वेळात पुरा होतो.

किती लांबी गेली की किती मिनिटं वाढतात, हे गणित सोपं आहे. एचएमटी जनता तासाला 18,000 टिका देतं, म्हणजे सेकंदाला 5 आणि दिवसाला 4,32,000. दिवसाला वीस मिनिटं पुढे याचा अर्थ 6,000 टिका जास्त, म्हणजे वेग साधारण 1.4 टक्क्याने वाढला. झोक्याचा वेग स्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे 1.4 टक्के वेगासाठी लांबी त्याच्या दुपटीच्या जवळपास, म्हणजे 2.7 टक्क्यांनी कमी व्हावी लागते. समजा उलगडलेली स्प्रिंग 10 सेंटिमीटर आहे. मग पावणेतीन मिलिमीटरचा तुकडा कामातून गेला, एवढंच! तांदळाच्या दाण्याहूनही कमी लांबीचा चिकटा, आणि दिवसाला वीस मिनिटं.

कारागिरांनी झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं, मग ते आमच्यापुढे केलं. चाक झुलत होतं, स्प्रिंग उघडझाप करत होती, पण एका बाजूचे दोन वेढे जोडीनेच हलत होते. बाकी सगळीकडे फट दिसत होती, तिथे मात्र एकच जाड काळी रेघ.

प्रत्येक वेळी वेढे असे चिकटतीलच असं नाही. चुंबकत्व सौम्य असेल तर स्प्रिंग आणि आसपासचे पोलादी भाग एकमेकांना हलकेच ओढतात. तेव्हा फरक काही सेकंदांचा असतो, घड्याळ आडवं ठेवलं तर एक आणि उभं ठेवलं तर दुसरा, आणि कधी कधी ते मागेही पडतं. चुंबक फारच जोरदार असेल तर चाक थांबतंच. मिनिटांच्या हिशोबात पुढे पळणं ही मधली अवस्था.

मुंबईत असं काही झालं की लोकलला दोष द्यायची सवय आहे: वरून विजेची तार जाते, खाली मोटर आहे. हा संशय तपासून पाहू. तारेतून 1,000 अँपिअर वाहतात असं धरलं, तरी दोन मीटरवर त्याचं चुंबकीय क्षेत्र भरतं सुमारे 1 गॉस. चुंबकरोधक म्हणवणाऱ्या मनगटी घड्याळासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ 764. त्यानुसार 4,800 अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण 60 गॉसच्या क्षेत्रातून काढल्यावर दिवसाचा फरक 30 सेकंदांच्या आत राहायला हवा. साधं घड्याळ त्याहून नाजूक असेल, पण 1 गॉसने त्याचं काही बिघडत नाही. पृथ्वीचंच क्षेत्र मुंबईत 0.4 गॉसच्या आसपास आहे. याच शहरात कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्रामपायी अलिबागला हलवावी लागली हे खरं, पण तिथली उपकरणं पृथ्वीच्या क्षेत्रातला अगदी बारीक बदल टिपणारी होती. घड्याळाला धोका आहे तो अंगाला लागलेल्या छोट्या चुंबकांपासून: मोबाइलच्या कव्हरची झडप, पर्सचं बटण, इअरफोनची डबी, स्पीकर. त्यांच्या अगदी पृष्ठभागापाशी क्षेत्र शेकडो गॉस असू शकतं. चांगली गोष्ट अशी की ते झपाट्याने उतरतं. चुंबकाच्या आकाराच्या मानाने लांब गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं. एक वीतभर अंतर बहुतेक घरगुती चुंबकांपासून पुरेसं असतं.

घड्याळात चुंबकत्व शिरलंय का, हे साध्या होकायंत्रावर कळतं, पण एक खुबी आहे. घड्याळ जवळ नेल्यावर सुई नुसती ओढली गेली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण सुई स्वतःच चुंबक आहे आणि ती साध्या पोलादाकडेही वळते. घड्याळ सुईजवळ सावकाश फिरवायचं. एका बाजूला सुईचं टोक ओढलं जातं आणि दुसऱ्या बाजूला तेच टोक दूर ढकललं जातं, असं दिसलं की खात्री झाली. ढकलाढकली फक्त दोन चुंबकांमध्येच होते. कारागिरांनी हेच केलं, आणि सुई चक्क थरथरत होती, कारण आतलं चाक झुलताना क्षेत्रही हलत होतं.

आता उतारा. पोलादासारख्या धातूच्या आत लाखो सूक्ष्म प्रदेश असतात आणि प्रत्येक प्रदेश एक चिमुकलं चुंबक असतो. त्यांची तोंडं वाटेल तिकडे असली की एकमेकांना रद्द करतात आणि बाहेर काही जाणवत नाही. जोरदार चुंबक जवळ आलं की बरेचसे एका दिशेला वळतात, आणि चुंबक दूर केल्यावरही काही तसेच अडकून राहतात. उलट्या दिशेने चुंबक लावून ते बरोबर शून्यावर आणणं जवळपास अशक्य आहे, कारण किती उलटं लावायचं हेच ठाऊक नसतं.

म्हणून युक्ती अशी: क्षेत्राची दिशा सारखी उलटसुलट करायची आणि त्याच वेळी त्याचा जोर हळूहळू कमी करत न्यायचा. सुरुवातीचं क्षेत्र इतकं मोठं हवं की अडकलेले प्रदेशही त्याच्याबरोबर वळतील. पुढचा उलटा झटका थोडा कमी जोराचा, त्यामुळे काही प्रदेश वळतात, काही मागे राहतात. त्यापुढचा आणखी कमी. दर झटक्याला थोडे प्रदेश या दिशेला, थोडे त्या दिशेला सुटत जातात, आणि शेवटी दोन्हीकडचे जवळपास सारखे होतात. उरलेली बेरीज शून्याच्या आसपास.

यासाठी लागणारं यंत्र म्हणजे प्लास्टिकची एक डबी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर एक बटण. घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे क्षेत्र सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतं. जोर कमी करायचं काम यंत्र करत नाही, हात करतो. घड्याळ डबीवर ठेवायचं, बटण दाबायचं, आणि बटण दाबून धरूनच घड्याळ सरळ वर, हातभर अंतरापर्यंत सावकाश न्यायचं. त्यानंतरच बटण सोडायचं. तीन सेकंद घेतले तर 150 आवर्तनं मिळतात आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा किंचित लहान असतं. झटक्यात उचललं तर मोजकीच आवर्तनं मिळतात, पायऱ्या मोठ्या पडतात आणि चुंबकत्व शिल्लक राहतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे घड्याळ डबीवर असतानाच बटण सोडणं. त्या क्षणी वीज आवर्तनाच्या ज्या टप्प्यावर असेल तिथेच क्षेत्र तुटतं, आणि शिखरावर तुटलं तर घड्याळ आधीपेक्षा जास्त चुंबकित होऊन बाहेर येतं. बटण फार वेळ दाबून ठेवलं तर वेटोळं तापतं, म्हणून दोन वेळांमध्ये त्याला थंड होऊ द्यायचं. सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळावर हा प्रयोग करू नये. त्याच्या मोटरमध्ये कामाचं चुंबक असतं.

काकांचं घड्याळ कारागिरांनी एकदा आडवं, एकदा उभं धरून डबीवरून वर नेलं. होकायंत्राची सुई स्वस्थ राहिली आणि भिंगातून पाहिलं तर त्या जाड रेघेच्या जागी दोन बारीक रेघा होत्या. तरीही वेढे चिकटलेले दिसले असते, तर स्प्रिंगवर तेलाचा अंश आहे असं समजायचं. तेलही वेढे असेच जोडून ठेवतं आणि घड्याळ तसंच पळवतं, पण त्यावर डबीचा उपयोग नाही. तिथे स्प्रिंग काढून धुवावीच लागते.

मग ते टिकटिक ऐकून वेग मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं, तर आकडा आला दिवसाला दोन मिनिटांहून जास्त मागे. कारण सरळ होतं. आधीच्या दुकानात सरकवलेला काटा अजून तिथेच होता. हा काटा हेअरस्प्रिंगची लांबी किंचित कमी-जास्त करतो आणि काही मिनिटांपुरताच त्याचा आवाका असतो. चुंबकामुळे आलेला वीस मिनिटांचा फरक त्याने झाकला जात नाही, आणि चुंबकत्व काढल्यावर तोच नवा बिघाड होऊन बसतो. म्हणून पळणाऱ्या घड्याळाचं चुंबकत्व आधी तपासायचं, काट्याला हात नंतर. कारागिरांनी तो केसभर मागे आणला, यंत्रावरची रेघ सपाट होईपर्यंत दोनदा हलवला, आणि झाकण लावलं.