चौकटीतल्या रस्त्यांवर एकच डेपो : मध्यकाची पार्श्वभूमी

रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, ग्राहकांच्या जागा ठरलेल्या आहेत आणि डेपो एकच उभारायचा आहे. गाडीला आडवे-उभेच जावे लागते, म्हणून दोन ठिकाणांमधले अंतर म्हणजे x मधला फरक अधिक y मधला फरक. सर्व फेऱ्यांचे एकूण अंतर सर्वांत कमी करायचे असेल, तर उत्तर दोन ओळींत मावते : ग्राहकांच्या x चा फेऱ्यांनुसार भारित मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने फेऱ्या मोजत गेल्यावर जिथे निम्म्या भरतात ती जागा, काढा, y चा वेगळा काढा, आणि दोन्ही मिळून जो चौक येईल तो डेपो. इतके सोपे उत्तर असूनही कितीतरी आराखड्यांत मध्यकाच्या जागी सरासरी येऊन बसते. ती तिथे कशी आली, हे या विषयाच्या इतिहासातच सापडते.

गणिताची बाजू जुनी आहे. तीन बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज किमान करणारा चौथा बिंदू शोधण्याचे कोडे 17व्या शतकातले, पण ते सरळ रेषेतल्या अंतराचे. वर्गांऐवजी निव्वळ फरकांची बेरीज किमान करण्याची कल्पना 18व्या शतकाच्या उत्तरार्धात मोजमापातल्या चुका हाताळताना पुढे आली आणि भारित मध्यक तिथूनच मिळाला. कारखान्यांच्या जागांचा सिद्धांत 1909 मध्ये आला, तोही सरळ रेषेतल्या अंतरावर उभा होता. रस्त्यांची चौकट यात कुठेच नव्हती.

खरा गुंता लोकसंख्येच्या नकाशावर झाला. अमेरिकेत 1870च्या जनगणनेपासून देशाच्या लोकसंख्येचा केंद्रबिंदू काढला जाऊ लागला. सगळ्या माणसांचे वजन समान धरले, तर सपाट नकाशा ज्या बिंदूवर तोलला जाईल तो हा बिंदू, म्हणजे दोन्ही दिशांतली सरासरी. पुढे, विशेषतः 1920च्या दशकात, याच बिंदूचे वर्णन ‘सर्व लोकांना एकत्र यायचे असेल तर जिथे एकूण प्रवास सर्वांत कमी होईल ती जागा’ असे केले जाऊ लागले. हे वर्णन चुकीचे होते. सरासरीचा बिंदू अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करतो, अंतरांची नव्हे. 1930 मध्ये ही चूक छापील लेखातून स्पष्टपणे दाखवली गेली, आणि तेव्हा तीन निरनिराळे बिंदू एकाच नावाखाली वावरत असल्याचे उघड झाले : सरासरीचा बिंदू, लोकसंख्या अर्धी-अर्धी विभागणाऱ्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेषांचा छेदबिंदू, आणि सरळ रेषेतला एकूण प्रवास खरोखर किमान करणारा बिंदू. तिसरा बिंदू कोणत्याही साध्या सूत्राने मिळत नाही. तो टप्प्याटप्प्याने जवळ जाऊन काढण्याची रीत 1937 मध्ये प्रसिद्ध झाली.

या वादात मध्यरेषांच्या छेदबिंदूवर एक आक्षेप घेतला गेला आणि तो पुढे फार काळ टिकला : अक्ष फिरवले की हा बिंदू हलतो. उत्तर-दक्षिणऐवजी ईशान्य-नैर्ऋत्य रेषा घेतली की लोकसंख्येचे दोन समान भाग करणारी रेषा बदलते, छेदबिंदूही बदलतो. सरासरीचे तसे होत नाही. देशाच्या नकाशावर हा आक्षेप रास्त आहे, कारण तिथे कोणती दिशा ‘खरी’ हे कोणी ठरवलेले नसते. चौकटीच्या शहरात मात्र दिशा रस्त्यांनीच ठरवून दिलेली असते. गाडी ज्या दोन दिशांनी जाऊ शकते तेच अक्ष, म्हणून बिंदू अक्षांवर अवलंबून असणे हा इथे दोष राहतच नाही. तीच त्याची अचूकता आहे. तरीही मध्यकावरचा ‘अस्थिर’ हा शिक्का गोदामांच्या नियोजनापर्यंत येऊन पोहोचला. सरासरीची रीत गुरुत्वमध्य या भारदस्त नावाने पाठ्यपुस्तकांत रुळली. बेरजेच्या यंत्रावर ती भराभर होते, मध्यकासाठी मात्र यादी क्रमाने लावावी लागते. या सोयीची किंमत किती, ते एका उदाहरणात पाहू.

सात ग्राहक घेऊ. जागा चौकांच्या क्रमांकांत आणि आठवड्याच्या फेऱ्या अशा : अ (1, 2) ला 3 फेऱ्या, ब (2, 7) ला 2, क (4, 3) ला 5, ड (5, 9) ला 1, इ (6, 4) ला 4, फ (9, 5) ला 2 आणि लांबचा ग (20, 6) ला 1. एकूण 18 फेऱ्या, निम्म्या 9. x च्या चढत्या क्रमाने फेऱ्या मोजत गेलो की 1 वर 3, 2 वर 5, 4 वर 10. नऊचा आकडा x = 4 वर ओलांडला. y मध्ये 2 वर 3, 3 वर 8, 4 वर 12, म्हणून y = 4. डेपो (4, 4) वर. या चौकात एकही ग्राहक नाही, तरी जागा हीच. लगतच्या दोन चौकांमधले अंतर एक ठोकळा धरला, तर फक्त जाण्याच्या प्रवासाची बेरीज x मध्ये 48 आणि y मध्ये 26, मिळून 74 ठोकळे.

यामागचे कारण हिशेबापेक्षा सोपे आहे. डेपो x = 4 वरून 5 वर नेला, तर डावीकडच्या 10 फेऱ्या एकेक ठोकळ्याने लांबतात आणि उजवीकडच्या 8 तेवढ्याच आखूड होतात; निव्वळ तोटा 2. ग्राहक किती लांब आहे याला महत्त्व नाही, तो कोणत्या बाजूला आहे एवढेच मोजले जाते.

सरासरी x मध्ये 5.2 आणि y मध्ये 4.2 येते. जवळचा चौक (5, 4) आणि बेरीज 76. फरक फक्त दोनाचा, म्हणूनच ही चूक कुणाच्या नजरेत भरत नाही. आता ग ग्राहक आणखी 18 ठोकळे लांब, (38, 6) वर गेला असे समजा. मध्यक जागचा हलत नाही. बेरीज 92 होते, कारण ती एक फेरी लांबली. सरासरी मात्र 6.2 वर सरकते आणि (6, 4) वरची बेरीज 98 होते. आठवड्यातून एकदा गाडी मागवणारा एक ग्राहक बाकीच्या 17 फेऱ्यांचा डेपो स्वतःकडे ओढून घेतो. आराखड्यात सरासरी वापरली आहे का, हे ताडायचे असेल तर सर्वांत लांबच्या ग्राहकाची जागा आणखी दूर टाकून पाहावे. डेपो हलला तर सरासरी वापरली आहे.

1960च्या दशकात ही मांडणी पुन्हा उचलली गेली, पण शहरासाठी नव्हे, कारखान्याच्या जमिनीवर नवे यंत्र कुठे ठेवायचे यासाठी. मार्गिका काटकोनातच असतात, तेव्हा 1961 आणि 1963 च्या लेखांत काटकोनी अंतर आणि मध्यक उघडपणे एकत्र आले. दोन्ही अक्ष स्वतंत्र सोडवता येतात ही गोष्ट तिथे ठसली. त्याच काळात, 1964 मध्ये, रस्त्यांच्या कोणत्याही जाळ्यावर असा एक डेपो नेहमी एखाद्या नाक्यावरच ठेवता येतो हे सिद्ध झाले. 1973 मध्ये पूर्ण यादी क्रमाने न लावता मध्यक शोधण्याची खात्रीशीर जलद रीत मिळाली आणि हिशेब अवघड असण्याची उरलीसुरली सबबही गेली.

अक्ष स्वतंत्र असल्याचा एक फायदा कमी सांगितला जातो. ठोकळे लांबीला-रुंदीला सारखे नसले तरी मध्यक तोच राहतो, कारण त्याला फक्त क्रम लागतो. चौकांचे क्रमांक घेतले काय किंवा मीटर घेतले काय, चौक तोच. मीटर लागतात ते दोन जागांच्या खर्चाची तुलना करताना.

आता नकाशे उपग्रहावरून येतात आणि जुना अक्षांचा प्रश्न नव्या रूपात परततो. मॅनहॅटनची 1811 ची चौकट खऱ्या उत्तरेपासून सुमारे 29 अंश पूर्वेकडे झुकलेली आहे. तिथल्या ग्राहकांचे अक्षांश-रेखांश तसेच घेऊन मध्यक काढला, तर तो रस्त्यांच्या दिशेने नव्हे, होकायंत्राच्या दिशेने निघतो. आधी अंशांचे मीटर करावेत (रेखांशाला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे विसरू नये), मग अक्ष फिरवावेत :

```
u = E*cos(t) - N*sin(t)
v = E*sin(t) + N*cos(t)
```

इथे E पूर्वेकडचे आणि N उत्तरेकडचे मीटर, t = 29 अंश. बरोबर फिरवले का, याची खूण सोपी आहे : एकाच लांब उभ्या रस्त्यावरच्या दोन ग्राहकांचा u जवळजवळ सारखा आला पाहिजे. फरक शेकडो मीटरचा असेल तर कोन चुकला, नाहीतर चिन्ह उलटे पडले.

निम्मा आकडा ओलांडला न जाता नेमका गाठला गेला, तर उत्तर एक चौक न राहता एक पट्टा होते. मूळ उदाहरणात इ च्या फेऱ्या 4 ऐवजी 6 केल्या, तर एकूण 20 होतात आणि x = 4 वर बरोबर 10 भरतात. मग x = 4 पासून 5 पर्यंत कुठेही खर्च तोच. अशा वेळी दोन टोकांमधली सरासरी घेण्याची सवय निरर्थक आहे. एकेरी रस्ता, गाडी वळवायला जागा, भाडे यांवरून निवड करावी.

मध्यकाच्या चौकात जागा मिळाली नाही तर ‘सर्वांत जवळची’ घेणे हीदेखील नेहमीची चूक. मूळ उदाहरणात (4, 4) ला लागून असलेल्या चार चौकांची बेरीज (5, 4) वर 76, (4, 3) वर 76, (4, 5) वर 80 आणि (3, 4) वर 82 येते. चारही जागा एकाच ठोकळ्यावर, पण पहिल्या दोन्हींत तोटा 2 आणि शेवटच्या जागेत 8. उपलब्ध प्रत्येक जागेची बेरीज करूनच ठरवावे.

भार कशाचा धरायचा, यावर अजूनही मतभेद दिसतात. अनेक ठिकाणी टन धरले जातात. पण गाडीचे अंतर टनांवर नाही, फेऱ्यांवर अवलंबून असते. आठवड्याला पाच टेम्पो मागवणारा लहान ग्राहक एका मोठ्या ट्रकच्या ग्राहकापेक्षा डेपोला अधिक ओढतो. आणि हे सगळे प्रत्येक ग्राहकाला डेपोतून वेगळी जा-ये आहे असे धरून चालते. एकच गाडी सहा ठिकाणी माल टाकत परत येत असेल, तर ग्राहकांमधला प्रवास डेपो कुठेही असला तरी बराचसा तोच राहतो. तेव्हा भार फेरीच्या पहिल्या आणि शेवटच्या थांब्यावर टाकावा लागतो आणि ते थांबे डेपोच्या जागेनुसार बदलतात, म्हणून हिशेब दोन-तीनदा फिरवावा लागतो.

चौकटीच्या मधोमध रेल्वेमार्ग किंवा नदी आली की अक्षांचे स्वातंत्र्य संपते, कारण पुलाकडे जाण्याचा वळसा x आणि y दोन्हींवर एकदम अवलंबून असतो. 1983 मध्ये या अडथळ्यांचा प्रश्न पद्धतशीर सोडवला गेला : ग्राहकांमधून आणि अडथळ्यांच्या कोपऱ्यांतून आडव्या-उभ्या रेषा ओढल्या, तर सर्वोत्तम जागांपैकी एक तरी त्या रेषांच्या छेदबिंदूंवर सापडतेच. म्हणजे मध्यकाचे सूत्र गेले तरी तपासायच्या जागांची यादी मोजकीच राहते, आणि त्या यादीतल्या प्रत्येक जागेची बेरीज पुलावरच्या वळशासकट करता येते.