पत्रकातले दोन चौकोन

डिस्चार्जच्या दिवशी बाळंतिणीच्या हातात औषधांच्या चिठ्ठीसोबत एक घडीचं पत्रक पडतं. पहिल्या चौकोनात बाळाला पाजायच्या पद्धतींची चित्रं, मग नाळ, आंघोळ आणि लसी, आणि पार मागच्या पानावर काविळीच्या धोक्याच्या खुणा. बाळांच्या वॉर्डात काम करताना माझी या पत्रकाबद्दल एकच तक्रार राहिली आहे. पहिला आणि शेवटचा चौकोन शेजारी-शेजारी छापायला हवेत. चौथ्या दिवशी पिवळं होऊन परत येणाऱ्या बाळाची कावीळ पुष्कळदा त्या पहिल्या चौकोनातच वाढलेली असते.

लालबागच्या चाळीत माहेरी आलेल्या एका पहिलटकरणीचं उदाहरण घेऊ. बाळ 37 आठवड्यांचं, जन्माचं वजन 2.9 किलो, प्रसूती साधी. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी गेली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी परत आली. तीही शेजारणीने आग्रह केला म्हणून, कारण आजी खूश होती: "गुणी आहे हो, रडतच नाही!" विचारलं तर दिवसभरात पाच वेळा प्यायलं होतं. शू दोनदा, शी कालपासून नाही, आणि शेवटची झाली तीही काळपट हिरवी. वजन 2.62 किलो, म्हणजे जवळजवळ दहा टक्के घट. रक्तातलं बिलिरुबिन 18 मिलिग्रॅम.

बिलिरुबिन म्हणजे जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की उरणारा पिवळा कचरा. बाळाच्या रक्तात या पेशी आपल्यापेक्षा दाट असतात, आणि आपल्या पेशी 120 दिवस जगतात तिथे बाळाच्या 80-90 दिवसांतच मोडतात. कचरा जास्त, आणि तो उचलणारं यकृत अजून नवखं. म्हणून बहुतेक बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळसर होतात आणि आपोआप उतरतात. इथवर घाबरण्यासारखं काही नाही.

खरी गोम आतड्यात आहे. यकृत बिलिरुबिनला बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, आणि ते शीवाटे बाहेर जायचं असतं. पण बाळाच्या आतड्यात ती बांधणी सोडवणारं एक विकर भरपूर असतं. शी तुंबून राहिली की सुटलेलं बिलिरुबिन आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि उलटी फिरली, असा प्रकार. पहिल्या दिवसांची ती डांबरासारखी काळी शी याच कचऱ्याने भरलेली असते, आणि तिला ढकलायचं काम पिवळसर चीक करतो. बाळ कमी प्यायलं की शी कमी होते, शी कमी झाली की रक्तातली कावीळ चढते, आणि चढलेल्या काविळीने बाळ आणखी झोपाळू होऊन आणखी कमी पितं. आजीचं गुणी बाळ या चक्रात अडकलं होतं.

मी तिला समोर पाजायला सांगितलं. ती खाटेच्या कडेवर वाकून बसली. बाळाचं पोट छताकडे आणि मान वळवून तोंड छातीकडे. आपण मान खांद्यावर वळवून पाणी पिऊन पाहावं म्हणजे कळतं, घोट उतरत नाही. तोंडात फक्त स्तनाग्र, गालांना खळ्या, टक-टक आवाज. स्तनाग्राला चीर पडली होती. म्हणूनच ती पाजायची टाळाटाळ करत होती, पण आईसमोर बोलली नव्हती.

मग पाठीला टेकू आणि मांडीवर उशी दिली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. उजव्या बाजूला पाजताना डाव्या हाताने बाळाच्या मानेमागे आधार द्यायचा, डोकं दाबायचं नाही. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणायचं आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की बाळाला छातीकडे घ्यायचं, आपण खाली वाकायचं नाही. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर मुडपतो, आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त दिसतो, खाली कमी. दूध सुरू झालं की दोन-तीन ओढींनंतर एक घोट ऐकू येतो. दुखलं तर ओढून काढायचं नाही. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून हवा शिरू द्यायची आणि पुन्हा लावायचं. सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे घ्यावेत, किंवा कुशीवर निजून पाजावं. पकड मात्र सगळीकडे हीच.

दूध पोहोचतंय का हे घड्याळापेक्षा लंगोट चांगलं सांगतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं, झोपलं असेल तर उठवूनसुद्धा. पाचव्या दिवसापर्यंत रोज निदान सहा वेळा शू. आणि शी काळ्यावरून हिरवट, मग मोहरीसारखी पिवळी झालेली. मधे ग्लुकोजचं पाणी किंवा गुटी दिली तर पोट भरतं, पण चीक-दूध कमी जातं आणि शी पुढे सरकत नाही.

कावीळ पाहायची ती गॅलरीतल्या दिवसाच्या उजेडात. खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली आणि हळद-तेलाच्या मालिशनंतर सगळीच बाळं सारखी दिसतात. नाकावर आणि छातीवर बोट दाबून सोडायचं आणि खालचा रंग पाहायचा. पिवळेपणा साधारण डोक्याकडून पायांकडे उतरतो, पण सावळ्या त्वचेत डोळा फसतो, म्हणून आकडा रक्ताचाच. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, बाळ पाजायला उठेना, ढिलं पडलं किंवा पाठीची कमान करून चिरक्या आवाजात रडू लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. फार चढलेलं बिलिरुबिन मेंदूत उतरतं आणि तिथली इजा भरून येत नाही. एक गोष्ट पत्रकात क्वचितच असते: ट्रंकेतली जुनी दुपटी काढताना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर ती बाळाला गुंडाळू नका. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर ज्या बाळांत कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने झपाट्याने मोडतात.

"कोवळ्या उन्हात ठेवू का?" हे आजीने विचारलंच. प्रश्न चुकीचा नाही. 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत, आणि उघड्या अंगाचा पिवळेपणा फिकटला, झाकलेला तसाच राहिला, हे तिथे लक्षात आलं. त्यातूनच निळे दिवे आले. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते यकृताने न बांधताच बाहेर पडू शकतं. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि तोवर आकडा चढत राहतो.

आमचं बाळ 37 आठवड्यांचं, शिवाय वजन घटलेलं, म्हणून 18 ला दिव्याखाली गेलं. तेच पूर्ण दिवसांच्या, दणकून पिणाऱ्या बाळाला कदाचित नुसतं लक्ष ठेवून सोडलं असतं. उंबरठा बाळाच्या आठवड्यांवर आणि तासांवर ठरतो. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, दर दोन तासांनी छातीशी, आणि काढलेलं दूध बोंडल्याने. दुसऱ्या संध्याकाळी आकडा 11 वर आला. दिवे बंद केले आणि पुढच्या दिवशी पुन्हा तपासला, कारण थोडा उसळू शकतो. 12 होता. वजन 2.70.

घरी जाताना आजीने लंगोट उलगडून दाखवला, मोहरीचा रंग. मी पत्रकाच्या मागे पेनाने दोन ओळी लिहून दिल्या: चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर पुन्हा रक्त तपासा, आणि शी कधीही पांढुरकी, पिठासारखी झाली तर त्याच दिवशी या. तो पित्तनलिकेचा अडथळा असू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झाली तर फळते.