1-3-4-2 मागचं खरं कारण

फायरिंग ऑर्डर, म्हणजे इंजिनचे सिलिंडर फायर होण्याचा क्रम, अशी उलटसुलट का ठेवतात असं नाशकात कुठल्याही गॅरेजवर विचारलं तर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं, शेजारशेजारचे सिलिंडर पाठोपाठ फायर होऊ नयेत म्हणून. सहा सिलिंडरच्या 1-5-3-6-2-4 ला हे लागू पडतं, पण चार सिलिंडरचं 1-3-4-2 बघा ना, तीननंतर चार आणि दोननंतर परत एक, म्हणजे दोन वेळा शेजारीच फायर होतोय. तरी हे उत्तर वर्षानुवर्षं तसंच सांगितलं जातंय आणि मला ते खटकतं.

खरं कारण क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यात आहे. एक आणि चारचे पिस्टन एकत्र वर जातात तेव्हा दोन आणि तीनचे खाली येतात, त्यामुळे वजन तोलून राहतं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार स्फोट करायचे आणि धक्का एकसारखा हवा, म्हणजे दर अर्ध्या फेरीला एक. आता एक नंबर फायर झाला की अर्ध्या फेरीने वर असतात फक्त दोन आणि तीन, चार त्यानंतर. म्हणून ऑर्डर दोनच निघतात, 1-3-4-2 किंवा 1-2-4-3. सरळ 1-2-3-4 हवी असेल तर एक-तीन आणि दोन-चार अशा जोड्यांचा क्रँक लागेल, आणि तो इंजिन पुढून-मागून डोलवत ठेवेल.

या दोनांतली चांगली कोणती यावर मात्र वाद चालतो. अमेरिकेत 1908 साली आलेल्या मॉडेल टी ला 1-2-4-3 होती, पुढे जास्त गाड्यांना 1-3-4-2 आली, आपल्याकडची ॲम्बेसेडरही त्यातलीच. म्हणून नवी ती स्मूद असं लोक म्हणतात, पण क्रँक तोच आणि स्फोटांमधलं अंतरही तेच, बदलतो फक्त कॅमशाफ्ट आणि वायरींचा क्रम.

वायरींनी एकेका सिलिंडरला स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यात हा क्रम पाठ असावाच लागायचा. 1-3-4-2 च्या गाडीला दोन आणि तीनच्या वायरी चुकून अदलाबदल झाल्या की त्या दोघांना स्पार्क पूर्ण एक फेरी आधी-नंतर मिळतो, इनटेक वाल्व्ह उघडत असतानाच, मग कार्ब्युरेटरमधून फटाके आणि गाडी मिसिंग. ओळखायचं कसं, तर चालू इंजिनची एकेक वायर इन्सुलेटेड पकडीनेच काढून बघायची, दोन-तीनची काढली तरी आवाजात फरक नाही आणि एक किंवा चारची काढली की इंजिन बसतं, तर चूक तिथेच.

नंतर दोन सिलिंडरना एकच कॉइल देणारी पद्धत आली, एक-चार एकत्र आणि दोन-तीन एकत्र. तिथे दोन-तीनच्या वायरी बदलल्या तरी काहीच होत नाही कारण स्पार्क दोघांना एकाच वेळी मिळतो, पण एक आणि दोनच्या बदलल्या तर मात्र गाडी नीट चालणार नाही.

एवढं करूनही चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दुप्पट वेगाची एक बारीक थरथर राहतेच, ती कुठल्याच फायरिंग ऑर्डरने जात नाही, तिच्यासाठी काही इंजिनांत वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवतात.